रिसर्च असिस्टंटच्या अर्जासोबत जोडायचं एक फोल्डर

कळव्याहून रोज लोकलने मी ज्या प्रकल्पाच्या कामाला जाते, तिथे वर्ष-दीड वर्षाने एखादी रिसर्च असिस्टंटची जागा निघते. प्रकल्प ज्यांचा आहे त्या मॅडमना शिकवणं, पीएचडीची मुलं आणि मीटिंगा यांतून सवड नसते, म्हणून अर्जांची पहिली चाळणी माझ्याकडे येते. बहुतेक अर्जांत एक ओळ सापडतेच : ‘एक्सेल, एसपीएसएस आणि आर यांचं चांगलं ज्ञान, मेहनती आणि प्रामाणिक.’ लिहिणारा खोटं बोलत असतो असं मला वाटत नाही. पण ती ओळ वाचून हा मुलगा किंवा ही मुलगी आमच्या फाइलींना हात लावेल तेव्हा काय होईल, याचा मला अंदाज येत नाही.

प्राध्यापकांची खरी धास्ती समजून घ्या. असिस्टंटला एखादी कमांड येत नसेल तर ती दोन दिवसांत शिकवता येते. धास्ती असते ती गुपचूप बसलेल्या चुकीची. कुणीतरी फाइल ‘साफ’ करताना चाळीस ओळी उडवल्या, का उडवल्या ते कुठे लिहिलं नाही, काम सोडून गेला, आणि पेपर परीक्षणाला गेल्यावर आकडे जुळेनात. तेव्हा विचारायचं कुणाला? म्हणून अर्जातून एक गोष्ट दिसायला हवी : तुम्ही डेटामध्ये काय केलंत हे तुमच्या गैरहजेरीत दुसऱ्याला शोधून काढता येतं. हे दाखवण्याचा मला माहीत असलेला सर्वांत सरळ मार्ग म्हणजे अर्जासोबत छोट्या कामाचं एक फोल्डर जोडणं. ते कसं तयार करायचं हे मी इथे एका खऱ्या उदाहरणावरून सांगते. सामाजिक शास्त्रं, अर्थशास्त्र, लोकसंख्या, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांतल्या प्रकल्पांसाठी ते चालेल. प्रयोगशाळेतल्या कामाची रीत वेगळी असते.

आधी विषय निवडा, आणि तो लहान ठेवा

घणसोलीची एक विद्यार्थिनी एमए झाल्यावर अशाच एका जागेसाठी अर्ज करणार होती. प्रकल्प माता आणि बालकांच्या आरोग्यावरचा. ती मला म्हणाली, “ताई, माझ्याकडे दाखवायला कामच नाही. एमएचा प्रोजेक्ट आम्ही पाचजणींनी मिळून केला, त्यातलं माझं किती ते सांगता येणार नाही.” मी म्हटलं, मग नवं कर. चार संध्याकाळी पुरतील एवढंच.

तिने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस निवडलं. त्याचं काम देवनारची आयआयपीएस ही संस्था बघते आणि जिल्ह्यांची फॅक्टशीट सगळ्यांना मोफत मिळतात. चौथी फेरी २०१५-१६ ची, पाचवी २०१९-२१ ची. तिचा प्रश्न साधा होता : कोकण विभागातल्या जिल्ह्यांत दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचं प्रमाण आणि अतिसार झालेल्या मुलांना ओआरएस मिळण्याचं प्रमाण या दोन फेऱ्यांमध्ये किती बदललं? दोन निर्देशक, दोन फेऱ्या, एक विभाग. एवढंसं काम पुरतं, कारण वाचणारा पहिल्यांदा पाच-दहा मिनिटंच देणार असतो. देशभरच्या लाखो ओळींची फाइल उघडून दहा आलेख काढलेत, तर तेवढ्या वेळात त्यातलं काहीच तपासून बघता येत नाही.

निवडलेला डेटा अर्ज करताय त्या प्रकल्पाच्या जातकुळीचा असला तर उत्तम. शाळांवरचा प्रकल्प असेल तर शाळांचा, मजुरीवरचा असेल तर मजुरीचा. आणि तो सार्वजनिकच हवा. त्याचं कारण पुढे सांगते.

फोल्डरची मांडणी

मुख्य फोल्डरात तीन फोल्डर आणि एक मजकुराची फाइल, बस्स.

```
konkan_nfhs/
  README.txt
  raw/
  code/
  output/
```

`raw` मध्ये मूळ फॅक्टशीट आणि त्यावरून उतरवलेली फाइल. एकदा उतरवून, ताडून झाली की त्या फाइलीला हात लावायचा नाही. जो बदल करायचा तो `code` मधल्या स्क्रिप्टने करायचा आणि निकाल `output` मध्ये टाकायचा. म्हणजे `output` अख्खं पुसून टाकलं तरी स्क्रिप्ट चालवली की ते पुन्हा तसंच तयार व्हायला हवं.

हा नियम मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या पहिल्या प्रकल्पात शहापूर तालुक्यातल्या गावांतून भरून आणलेले फॉर्म मी एक्सेलमध्ये चढवले होते. एके दिवशी गावांची नावं अक्षरक्रमाने लावावीत म्हणून मी फक्त तोच एक कॉलम निवडून सॉर्ट केला. एक्सेलने विचारलं होतं की शेजारचे कॉलमही घ्यायचे का. मी घाईत ‘नाही’ म्हटलं. गावांची नावं हलली, उत्तरं जागच्या जागी राहिली, आणि मी फाइल सेव्ह करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या गावात विहिरींची उत्तरं दिसायला लागली तेव्हा लक्षात आलं. पर्यवेक्षकांच्या पेनड्राइव्हवर आदल्या आठवड्याची प्रत होती म्हणून वाचलो. नंतरचे फॉर्म मात्र पुन्हा चढवावे लागले. मी त्याच सकाळी सरांना सांगितलं. ते रागावले, पण त्यानंतरही काम माझ्याकडेच राहिलं. मूळ प्रत वेगळी असती तर ही पाळीच आली नसती.

फाइलींची नावं साधी ठेवा : तारीख आणि काम. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच फायनल’ अशी तीन नावं एका फोल्डरात दिसली की बघणाऱ्याला लगेच कळतं की कुठली फाइल खरी हे करणाऱ्यालाच माहीत नाही.

उतरवताना बसणारी चूक

फॅक्टशीट पीडीएफमध्ये असतं, त्यामुळे थोडे आकडे हातानेच उतरवावे लागतात. इथे तिला एक मजेदार आणि धोकादायक गोष्ट सापडली. एनएफएचएसच्या फॅक्टशीटमध्ये काही आकडे कंसात छापलेले असतात. कंस म्हणजे तो आकडा फक्त २५ ते ४९ जणांच्या उत्तरांवर आधारलेला आहे, जपून वापरा. आणि २५ हूनही कमी असतील तर आकडा न देता * अशी फुली छापतात. अतिसार झालेल्या मुलांसारख्या निर्देशकात हे होतं, कारण सर्वेक्षणाच्या आधीच्या दोन आठवड्यांत अतिसार झालेली मुलं एका जिल्ह्यात मुळात थोडीच सापडतात.

आता एक्सेलच्या कोऱ्या कॉलममध्ये कंसासकट (४५.२) असा आकडा इंग्रजी अंकांत टाइप करा आणि एंटर दाबा. तिथे उणे ४५.२ दिसेल. हिशेबनिसांच्या रीतीत कंसातला आकडा म्हणजे वजा, आणि एक्सेल ती रीत पाळतं. नुसती नजर फिरवली तर बारीक उणे चिन्ह सुटून जातं, आणि विभागाची सरासरी खाली येते. हे ओळखायचं कसं? टक्केवारीच्या कॉलमची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत बघायची. ती शून्याखाली किंवा शंभरावर गेली असेल तर काहीतरी बिघडलंय.

उपाय असा : टाइप करण्याआधीच कॉलम ‘टेक्स्ट’ करून घ्या, कंस आणि फुली छापल्यात तशाच उतरवा, आणि पुढचं काम स्क्रिप्टवर सोडा. पाचव्या फेरीसाठी तिने आरमध्ये लिहिलेला तुकडा असा :

```r
n5 <- read.csv("raw/nfhs5_konkan.csv",
               colClasses = "character")
n5$small_n <- grepl("^\\(", n5$ors)
n5$ors_num <- as.numeric(gsub("[()*]", "", n5$ors))
stopifnot(nrow(n5) == 7)
stopifnot(all(n5$ors_num >= 0 & n5$ors_num <= 100,
              na.rm = TRUE))
```

आर येत नसेल तरी यातलं मर्म समजेल. पहिल्या ओळीत सगळं मजकूर म्हणून वाचलं. मग कंस होता की नाही याची नोंद वेगळ्या कॉलममध्ये ठेवली, म्हणजे कंस काढल्यावरही ‘हा आकडा कमी मुलांवरचा आहे’ ही माहिती हरवली नाही. फुली असलेली जागा रिकामी राहिली. तिथे शून्य घातलं नाही. माहिती नसणं आणि प्रमाण शून्य असणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि रिकाम्या जागी शून्य ही मी अर्जांत पाहिलेली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. शेवटच्या दोन तपासण्या चुकल्या तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. चाळणी करताना मी हेच `stopifnot` किंवा स्टाटामधलं `assert` शोधते. स्वतःच्या कामावर पहारा बसवणारा माणूस या एका शब्दातून दिसतो.

हाताने उतरवलेले आकडे दोनदा उतरवा. सर्वेक्षणाच्या फॉर्मसाठी मोठ्या प्रकल्पांतही हीच पद्धत असते : दोन माणसं एकमेकांचं न बघता तेच फॉर्म चढवतात आणि मग दोन्ही फाइली ताडून बघतात. तुम्ही एकटे असाल तर एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि पहिली फाइल बंद ठेवून पुन्हा उतरवा. किती जागी फरक निघाला तो आकडा रीडमीत लिहा. तिला २६ नोंदींत एक फरक सापडला, ५ आणि ६ ची गल्लत. तो लिहिताना ती घुटमळली, पण मी लिहायलाच लावलं.

एकाच नावाचे दोन जिल्हे

वरच्या तुकड्यात ७ हा आकडा आहे. पाचव्या फेरीत कोकण विभागाचे सात जिल्हे येतात : मुंबई, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. चौथ्या फेरीची फाइल केली तर तिथे सहाच ओळी. पालघर नाही. दोन निर्देशक धरून ६ आणि ७ ओळींच्या मिळून २६ नोंदी झाल्या त्या अशा.

पालघर जिल्हा ठाण्यातून १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. चौथी फेरी त्यानंतरची, पण तिने २०११ च्या जनगणनेतले ६४० जिल्हेच धरले होते. म्हणून तिच्यातलं ‘ठाणे’ म्हणजे जुना, पंधरा तालुक्यांचा जिल्हा : तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा धरून. पाचव्या फेरीने ३१ मार्च २०१७ ला अस्तित्वात असलेले ७०७ जिल्हे धरले, त्यामुळे तिच्यातलं ‘ठाणे’ सात तालुक्यांचं : ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर. नावावरून जोडलंत तर दोन्ही फाइली बिनतक्रार जुळतात, संगणक काही बोलत नाही, आणि ठाण्यात मोठी सुधारणा झाल्यासारखं दिसू शकतं. त्यातला काही भाग एवढ्याचमुळे असेल की आठ तालुके, ज्यांत आदिवासी आणि दुर्गम भाग बराच आहे, हिशेबातून बाहेर गेले.

आपण इथले असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला पटकन सुचते, आणि अर्जात ती वापरायलाच हवी. नव्या मुंबईचंही असंच आहे. सर्वेक्षणात लोक पत्ता म्हणून नुसतं ‘नवी मुंबई’ लिहितात. पण ऐरोली, घणसोली, वाशी, नेरुळ ठाणे जिल्ह्यात, आणि खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात. जिल्ह्याचा कॉलम ‘नवी मुंबई म्हणजे ठाणे’ असा भरला की खारघरची माणसं चुकीच्या जिल्ह्यात जातात. नोडचं नाव किंवा पिनकोड बघितल्याशिवाय तो कॉलम भरू नये.

मग तुलना करायची कशी? चौथ्या फेरीच्या फॅक्टशीटमधून पालघरचे तालुके बाजूला काढता येत नाहीत, कारण तिथे जिल्ह्याच्या खालचे आकडे नसतात. उलट दिशेने मात्र जाता येतं : पाचव्या फेरीतलं ठाणे आणि पालघर एकत्र करून जुन्या ठाण्याच्या जवळपास जायचं. सरळ बेरीज करून दोनाने भागायचं नाही, कारण दोन्ही जिल्हे सारखे मोठे नाहीत. २०११ च्या जनगणनेत जुन्या ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. त्यातल्या आजच्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला ८०,७०,०३२ आणि पालघरच्या वाट्याला २९,९०,११६ येतात.

```r
w <- c(thane = 8070032, palghar = 2990116)
stopifnot(sum(w) == 11060148)
round(w / sum(w), 2)
```

उत्तर ०.७३ आणि ०.२७. याचा परिणाम कळावा म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. समजा एखादं प्रमाण ठाण्यात ९० टक्के आणि पालघरमध्ये ७० टक्के आहे. साधी सरासरी ८०. लोकसंख्येचं वजन दिलं तर ९० चे ७३ टक्के म्हणजे ६५.७ आणि ७० चे २७ टक्के म्हणजे १८.९, मिळून ८४.६. साडेचार टक्क्यांहून जास्त फरक नुसत्या सरासरीच्या पद्धतीने पडला. मधली `stopifnot` ची ओळ बघा : दोन तुकड्यांची बेरीज जुन्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळते का, हे ती आधी तपासते. तुम्ही जनगणनेच्या फाइलीतून तालुके घेऊन ही बेरीज स्वतः करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. त्या फाइलीत प्रत्येक तालुक्याच्या एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा वेगळ्या ओळी असतात. सगळ्या जोडल्या तर लोकसंख्या दुप्पट होते. आणि वाडा तालुक्याचं स्पेलिंग एका फाइलीत `Wada` तर दुसरीत `Vada` असं सापडू शकतं, म्हणून पालघरचे आठ तालुके खरंच आठ भरले का ते मोजा.

हेही पूर्ण बरोबर उत्तर नाही, आणि ते लिहिणं हा नमुन्याचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. प्रसूतींच्या प्रमाणाला खरं तर जन्मांच्या संख्येचं वजन द्यायला हवं. दोन्ही जिल्ह्यांतलं जन्मांचं प्रमाण लोकसंख्येच्या प्रमाणासारखंच असेल असं नाही. शिवाय वजनं २०११ ची आणि सर्वेक्षण त्यानंतर आठ-दहा वर्षांनी. तिने हे तीन वाक्यांत लिहिलं आणि पुढे जोडलं की सर्वेक्षणाचा मूळ, व्यक्तिपातळीचा डेटा मिळाला तर त्यातली वजनं वापरून हे नीट करता येईल. वाचणाऱ्या प्राध्यापकांना याहून जास्त काही नको असतं.

रीडमी आणि निर्णयांची नोंद

रीडमी एका पानाहून मोठी नको. प्रश्न काय होता, डेटा कुठून आणि कोणत्या तारखेला उतरवला, कोणती फाइल आधी चालवायची, आणि मर्यादा. त्याखाली निर्णयांची नोंद. तिच्या नोंदीतल्या काही ओळी जशाच्या तशा देते :

‘१४ तारीख. कंसातले आकडे ठेवले, वेगळी खूण केली. कारण : काढले असते तर ओआरएसची तुलनाच अपुरी राहिली असती. परिणाम : निष्कर्षाच्या वाक्यात या जिल्ह्यांचा उल्लेख जपून केला आहे.’

‘१५ तारीख. फेरी ४ मध्ये ६ आणि फेरी ५ मध्ये ७ ओळी. पालघर नवीन. ठाणे आणि पालघर वजन देऊन एकत्र केले, आता दोन्हीकडे ६.’

‘१६ तारीख. आधी साधी सरासरी घेतली होती, ती चूक होती. बदलली. जुना निकाल output मधून काढला.’

तिसरी ओळ तिला काढून टाकायची होती. “ताई, यात माझीच चूक दिसते ना.” दिसते, आणि दिसू दे. केव्हा लक्षात आली आणि काय केलं हेही त्याच ओळीत आहे. नोंदीत एकही दुरुस्ती नसेल तर मला वाटतं की सगळं झाल्यावर एका बैठकीत ती लिहून काढली आहे.

पाठवण्याआधी शेवटची चाचणी : फोल्डर दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर टाका आणि रीडमी वाचून चालवायला सांगा. बहुतेक वेळा पहिल्याच ओळीला अडतं, कारण स्क्रिप्टमध्ये तुमच्या स्वतःच्या संगणकाचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. `C:/Users/` ने सुरू होणारा पत्ता दिसला की तो `raw/` पासून सुरू होणाऱ्या पत्त्यात बदला.

कुणाचा डेटा जोडायचा नाही

आधीच्या प्रकल्पातला डेटा नमुना म्हणून कधीही पाठवू नका. एकदा एका उमेदवाराने आपला अनुभव दाखवायला आधीच्या कामातली पूर्ण एक्सेल फाइल जोडली होती. त्यात बायकांची नावं, मोबाइल नंबर आणि गरोदरपणाची माहिती होती. त्याचं काम नीटनेटकं होतं. मॅडमनी फाइल पुसायला सांगितली, त्याला तसं कळवलं, आणि अर्ज तिथेच थांबला. ज्याने त्यांचा डेटा आम्हाला दिला, तो उद्या आमचा डेटा दुसऱ्याला देणार, हा सरळ हिशेब आहे. नुसती नावं काढून भागत नाही. गाव, वय, मुलांची संख्या आणि जात एवढं असलं तरी छोट्या पाड्यात माणूस ओळखता येतो.

आधीच्या कामाबद्दल वाक्यात सांगा : ‘कुटुंबांच्या सर्वेक्षणात दुबार नोंदी शोधणं आणि दुहेरी एंट्रीतले फरक सोडवणं माझ्याकडे होतं. डेटा गोपनीय असल्याने जोडत नाही. खात्रीसाठी प्रकल्पप्रमुखांशी बोलता येईल.’ या वाक्याने अनुभवही कळतो आणि सांभाळून वागणंही दिसतं.

पत्र आणि बायोडेटा

मेल सहसा इंग्रजीतच जाईल, पण आशय कसा असावा ते इथे मराठीत दाखवते :

‘नमस्कार मॅडम, माता आरोग्याच्या प्रकल्पावरील रिसर्च असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करत आहे. सोबत एनएफएचएसच्या दोन फेऱ्यांची कोकण विभागासाठी केलेली छोटी तुलना जोडली आहे. ठाणे जिल्ह्याच्या सीमा दोन फेऱ्यांत वेगळ्या असल्याने थेट तुलना करता येत नाही. ती अडचण कशी हाताळली आणि कुठे अपुरी राहिली ते रीडमीत आहे. मी आर वापरते. स्टाटा वाचता येतं, स्वतः लिहिलेलं नाही. घणसोलीला राहते; आठवड्याला पाच दिवस येऊ शकेन. मे महिन्यात परीक्षेमुळे दहा दिवस रजा लागेल.’

एवढंच. ‘वाचता येतं, लिहिलेलं नाही’ या शब्दांमुळे आधीच्या वाक्यावरचा विश्वास वाढतो. परीक्षेची रजा आधी सांगितलेली बरी. नेमणुकीनंतर तिसऱ्या आठवड्यात कळली तर फील्डचं वेळापत्रक कोलमडतं. मुरबाड-शहापूरकडे मुक्कामी जाणं जमणार नसेल तर तेही आत्ताच लिहा. बायोडेटातही ‘एक्सेल : उत्तम’ ऐवजी काय केलं ते एका ओळीत येऊ द्या.

शिफारस देणाऱ्या शिक्षकांना गाठाल तेव्हा ‘चांगलं लिहा सर’ एवढंच म्हणू नका. त्यांना आठवण करून द्या की कोणतं काम, कोणत्या तारखेला, वेळेत दिलं होतं. त्यांच्याकडे साठ मुलं असतात. तपशील तुम्ही दिलात तरच पत्रात उतरेल.

चाचणी आली तर

फोल्डर आवडलं की बऱ्याच ठिकाणी ठरावीक तासांची डेटा चाचणी देतात. त्यात मुद्दाम खड्डे खणलेले असतात : एकच कुटुंब दोनदा, वयाच्या जागी ९९ किंवा उणे ९९, दोन फाइलींतले न जुळणारे कोड. पहिली वीस मिनिटं काहीही दुरुस्त करू नका. ओळी मोजा, ओळखक्रमांक दुबार आहेत का बघा, प्रत्येक कॉलमची कमीत कमी आणि जास्तीत जास्त किंमत काढा. दोन फाइली जोडल्यावर किती जुळल्या, डावीकडच्या किती सुटल्या आणि उजवीकडच्या किती, हे तीन आकडे उत्तरात लिहा. आणि ९९ वर्षांची आजी खरीही असू शकते. ९९ म्हणजे ‘माहीत नाही’ हे प्रश्नावलीत बघून मगच ठरवा.

वेळ संपत आली आणि शेवटचा प्रश्न राहिला, तर अर्धवट उत्तर पूर्ण असल्यासारखं सजवू नका. ‘प्रश्न ४ इथपर्यंत झाला, जोडणीत ३१ ओळी सुटल्या आहेत, त्यांचं कारण शोधलेलं नाही’ असं लिहून वेळेत पाठवा. मुदत संपल्यावर वीस मिनिटांनी आलेल्या पूर्ण उत्तरापेक्षा मी हे वर ठेवते.

पाठवून झाल्यावर स्वतःच्या फाइलीत चूक सापडली तर लगेच कळवा : काय चुकलं, कोणता आकडा बदलतो, दुरुस्त फाइल सोबत. घणसोलीच्या मुलीने अर्ज गेल्यावर दुसऱ्या दिवशी असाच मेल केला होता. रीडमीत एका फेरीचं वर्ष चुकीचं पडलं होतं. मुलाखतीत तिला सगळ्यात आधी त्याबद्दलच विचारलं : “ही चूक तुला कशी सापडली?” ती म्हणाली, “मैत्रिणीला फोल्डर चालवायला दिलं होतं, तिने विचारलं.” पुढचा अर्धा तास वजनांवर बोलणं झालं.